डोक्याला सात टाके, हाताला बारीक चीर: मोठा गुन्हा कोणता?

सातारा जिल्ह्यातल्या एका वाचक ताईंचं पत्र, थोडक्यात, त्यांच्याच शब्दांत:

"बांधावरून चुलत दिराशी जुना वाद आहे. दहा दिवसांपूर्वी शेतातच बाचाबाची झाली आणि दिरानं फावड्याच्या दांड्यानं माझ्या नवऱ्याला मारलं. डोकं फुटलं, सदरा रक्तानं भिजला, सात टाके पडले. डावा हातही सुजला होता. ग्रामीण रुग्णालयातून आम्ही पोलीस ठाण्यात गेलो, तर एनसी लिहून घेतली आणि कोर्टात जा म्हणाले. पाचव्या दिवशीही हाताची सूज उतरेना, म्हणून तालुक्याला खासगी दवाखान्यात एक्स-रे काढला. हाडाला चीर निघाली, प्लास्टर घातलं. आता भाऊबंद म्हणतात, कोयता होता असं सांगा, पंधरा दिवस अॅडमिट राहा, मग ३२६ लागतं, जमलं तर ३०७ सुद्धा. सासूबाई म्हणतात, मिटवून टाका. यांनीही आधी एक ढेकूळ भिरकावलं होतं, पण ते कुणाला लागलं नाही. आम्ही काय करावं?"

ताई, तुमच्या घरात, भावकीत आणि बहुधा पोलीस ठाण्यातही सगळ्यांचं लक्ष डोक्याच्या जखमेकडे आहे. साहजिक आहे, रक्त तिथून आलं. पण कायदा रक्त मोजत नाही आणि टाकेही मोजत नाही. तुमच्या प्रकरणात मोठा गुन्हा ठरवणारी जखम आहे ती प्लास्टरच्या आत.

भारतीय न्याय संहितेच्या कलम ११४ मध्ये दुखापतीची व्याख्या अगदी रुंद आहे. शारीरिक वेदना, रोग किंवा दुर्बलता निर्माण केली की दुखापत झाली. थोबाडीत मारली तरी दुखापत, डोक्याला सात टाके पडले तरी दुखापतच. याला कलम ११५(२) खाली शिक्षा आहे एक वर्षापर्यंत कैद, किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हा गुन्हा अदखलपात्र आहे. म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना त्याचा तपासच करता येत नाही. त्या दिवशी ठाणे अंमलदारासमोर डोक्याची जखम आणि सुजलेला हात एवढंच होतं. तेवढ्यावर साध्या मारहाणीची एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, झाली असेल, तर तेवढ्यानं पोलीस दिराला मिळालेले आहेत असं मी म्हणणार नाही.

'जबर दुखापत' मात्र कायद्यानं मोजून दिली आहे. कलम ११६ मध्ये आठ प्रकार आहेत आणि जखम त्यांतल्या एकात तरी बसावीच लागते, ती दिसायला कितीही भयंकर असली तरी. पुरुषत्व नष्ट होणं, एका डोळ्याची दृष्टी किंवा एका कानाचं ऐकणं कायमचं जाणं, एखादा अवयव किंवा सांधा जाणं, त्याची शक्ती कायमची कमी होणं, डोकं किंवा चेहरा कायमचा विद्रूप होणं, हे पहिले सहा. सातवा प्रकार म्हणजे हाड किंवा दात मोडणं अथवा निखळणं. आठव्यात जिवाला धोका निर्माण करणारी दुखापत येते, आणि पंधरा दिवस तीव्र वेदना देणारी किंवा तितके दिवस नेहमीची कामं करू न देणारी दुखापतही येते. जबर दुखापतीला कलम ११७(२) खाली सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे, आणि हा गुन्हा दखलपात्र आहे.

आता डोक्याची जखम या चाळणीतून काढून बघा. टाके भरून आले, वर केस उगवले, तर विद्रूपता नाही. कवटीचं हाड शाबूत असेल, आत रक्तस्राव नसेल, तर जिवाला धोका होता असं डॉक्टर लिहिणार नाहीत. राहते ती साधी दुखापत. (मारानंतर शुद्ध हरपली होती का, उलट्या झाल्या होत्या का, सीटी स्कॅन झाला होता का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. यातलं काही झालं असेल तर डॉक्टरांना आजच सांगा. खटल्यासाठी नव्हे, जिवासाठी.)

हातातली चीर मात्र थेट सातव्या प्रकारात बसते. "नुसती चीरच आहे, हाड कुठं मोडलंय" असं समोरचा वकील म्हणेल. त्याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयानं होरी लाल खटल्यात केव्हाच देऊन ठेवलं आहे: हाड आरपार तुटायला हवं असं नाही, हाडाला भेग किंवा चीर गेली असली तरी तो अस्थिभंगच. हाड नुसतं वरवर खरवडलं असेल तर मात्र नाही.

म्हणून भाऊबंदांच्या सल्ल्यात मला पहिली अडचण दिसते ती नीतीची नाही, हिशोबाची आहे. पंधरा दिवसांची अट आठव्या प्रकारासाठी आहे. सातव्यात बसणारी जखम असताना दिवस मोजायचं कारणच नाही. शिवाय ती अट आठव्यातही कॉटवर झोपून पुरी होत नाही. रुग्णालयातला मुक्काम हा फक्त एक पुरावा. न्यायालय विचारतं ते असं: त्या दिवसांत तीव्र वेदना होत्या का, किंवा माणूस आपली नेहमीची कामं करू शकत होता का? रोज दुपारी केसपेपरवर 'रुग्ण स्थिर, तक्रार नाही' अशी नोंद होत असेल, तर पंधरा दिवसांचं बिल तेवढं अंगावर पडतं. जुन्या भारतीय दंड संहितेत ही मुदत वीस दिवसांची होती. १ जुलै २०२४ पासूनच्या घटनांना नवा कायदा लागतो आणि त्यात ती पंधरा झाली. गावात अजून दोन्ही आकडे फिरतात, आणि दोन्हींचा अर्थ 'अॅडमिट राहा' असाच सांगितला जातो.

कोयत्याचा सल्ला त्याहून धोक्याचा. ग्रामीण रुग्णालयातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी पहिल्याच दिवशी जखमेचं वर्णन लिहून ठेवलं आहे: लांबी, रुंदी, खोली, कडा कशा होत्या, आणि जखम कशानं झाली असावी. दांड्याच्या मारानं कातडी फाटते, कापली जात नाही. कडा ठेचलेल्या असतात, आत पेशींचे धागे अर्धवट जोडलेले राहतात, केसांची मुळं चिरडलेली असतात. कोयत्याची जखम स्वच्छ कडांची असते. टाळूवर कातडीखाली लगेच हाड असल्यानं दांड्याची जखमही वरून कापल्यासारखी दिसते, आणि तिथंच लोकांना वाटतं की खपून जाईल. भिंग लावून पाहणाऱ्या डॉक्टरपुढं ते खपत नाही. तुमच्या कागदांवर 'कठीण व बोथट वस्तू' असं लिहिलेलं असणार. एनसीतही तुम्हीच दांडा सांगितलेला आहे. उद्या कोयता म्हणालात तर उलटतपासात त्याला 'सुधारणा', म्हणजे मागाहून वाढवलेली गोष्ट, म्हणतात आणि ती कोयत्यापुरती थांबत नाही, खऱ्या अस्थिभंगावरचाही विश्वास घेऊन जाते. शिवाय शपथेवर खोटी साक्ष देण्याला कलम २२९ खाली सात वर्षांपर्यंत कैद आहे. जितकी दिराला जबर दुखापतीसाठी, तितकीच.

भाऊबंद ज्याला ३२६ म्हणतात तो जुना आकडा. आता ते कलम ११८(२) आहे: घातक हत्यारानं किंवा साधनानं जबर दुखापत. शिक्षा किमान एक वर्ष, कमाल दहा वर्षं किंवा जन्मठेप. ते अजामीनपात्र आहे. कोयता न सांगताही हे कलम तुमच्या प्रकरणात लागू शकतं का? लागू शकतं, पण आपोआप नाही. मारण्याचं, भोसकण्याचं, कापण्याचं हत्यार तर त्यात येतंच, पण हल्ल्यासाठी वापरलं तर ज्यानं मृत्यू येऊ शकेल अशी कुठलीही वस्तूही येते. दांडा त्यात बसतो की नाही, हे त्याची लांबी, जाडी, वजन, आणि तो कुठे व किती जोरानं मारला यावर ठरतं. मथाई विरुद्ध केरळ राज्य या २००५ च्या निकालात हत्यार दगड होता. त्याचा आकार किती हे पुराव्यात आलं नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयानं ३२६ ची शिक्षा काढून ३२५ ची, म्हणजे आताच्या ११७(२) ची, केली. शकील अहमद खटल्यात तर चावून बोटाचा तुकडा पडला होता, तरी माणसाचे दात हे घातक हत्यार मानले गेले नाहीत. तेव्हा दांडा कुठे आहे, त्याला फावड्याचं लोखंडी पातं लावलेलं होतं का, तो पोलिसांनी जप्त केला का, या प्रश्नांना काल्पनिक कोयत्यापेक्षा जास्त किंमत आहे.

३०७, म्हणजे आताचं १०९, हे जखमेवर नव्हे, इराद्यावर ठरतं. ठार मारण्याचा हेतू किंवा तशी जाणीव दाखवावी लागते. एक फटका डोक्यावर, एक हातावर, आणि नंतर दीर आपणहून थांबला असेल, तर हे कलम टिकवणं अवघड आहे. लावायचंच म्हणून लावलेलं ३०७ खटल्यात गळून पडताना मी पाहिलेलं आहे, आणि गळताना सोबत बरंच काही नेतं.

इरादा ११७ लाही लागतो, हे मात्र भाऊबंदांना कुणी सांगितलेलं दिसत नाही. जबर दुखापत झाली एवढं पुरत नाही. आरोपीचा तसा हेतू होता, किंवा तसं होऊ शकतं हे त्याला माहीत होतं, असंही सिद्ध व्हावं लागतं. झटापटीत दिरानं नुसता धक्का दिला असता आणि तुमचे यजमान बांधावरून पडून हात मोडला असता, तर जखम तीच, पण ११७ डळमळीत झालं असतं. दांडा उगारून हाणणाऱ्याला हाड मोडेल हे कळत नव्हतं असं म्हणणं कठीण. इथं चीर नेमकी कुठं आहे हे बघा. मनगट आणि कोपर यांच्या मधे, करंगळीच्या बाजूच्या हाडाला असेल, तर ती फार बोलकी जागा आहे. डोक्यावर येणारा फटका अडवायला माणूस हात वर करतो तेव्हा नेमकं तेच हाड समोर येतं. उलट हातावर पडल्यावर मोडतं ते बहुतेकदा अंगठ्याच्या बाजूचं हाड, मनगटाजवळ. 'तो पळताना पडला' असा बचाव येईल तेव्हा एक्स-रे तुमच्या बाजूनं बोलेल, अर्थात चीर त्या जागी असेल तर. आणि नसेल तर आत्ताच माहीत झालेलं बरं.

म्हणून आता करायचं ते. एक्स-रेची फिल्म आणि तपासणीचा अहवाल घेऊन पोलीस ठाण्यात जा आणि लेखी अर्ज द्या. अर्जात एनसीचा क्रमांक, मारहाणीची तारीख, एक्स-रेची तारीख, आणि 'हाड मोडल्याचं निष्पन्न झालं असून हा प्रकार आता दखलपात्र आहे, तरी गुन्हा नोंदवावा' एवढं पुरे. पोच घ्या. तोंडी सांगून परत येऊ नका. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की गुन्हा नोंदवलाच पाहिजे, हे ललिता कुमारी प्रकरणात घटनापीठानं २०१३ मध्ये स्पष्ट केलं आहे. साधी आणि जबर अशा दोन्ही दुखापती असतील, तर एका दखलपात्र कलमामुळे सगळं प्रकरण दखलपात्र होतं, डोक्याच्या जखमेसाठी वेगळी धावाधाव नको. तरीही नकार आला, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे तोच मजकूर पोलीस अधीक्षकांना टपालानं पाठवा. त्यानंतरची पायरी दंडाधिकारी, आणि तिथं सोबत शपथपत्र लागतं.

एका ठिकाणी तुमची बाजू खरंच कच्ची आहे. पहिल्या दिवशीच्या कागदावर हाताबद्दल काय लिहिलंय? 'डाव्या हाताला सूज, दाबल्यास वेदना, एक्स-रेचा सल्ला' असं असेल तर साखळी जुळली. हाताचा उल्लेखच नसेल, तर चार दिवसांच्या फटीत समोरचा म्हणणार, नंतर कुठंतरी पडला असेल. म्हणून केसपेपरची प्रत आजच मिळवा. पोलिसांकडून वैद्यकीय तपासणीची यादी, म्हणजे रुग्णालयाच्या नावचं पत्र, घेऊन त्याच ग्रामीण रुग्णालयात, किंवा ते पाठवतील त्या जिल्हा रुग्णालयात, फेरतपासणी करून घ्या. सुरुवातीला जखमांचं अंतिम मत राखून ठेवता येतं आणि एक्स-रे पाहून 'गंभीर स्वरूपाची' असं पुरवणी मत देता येतं, हे सरकारी डॉक्टरांचं रोजचं काम आहे. वेळ लावू नका. ताज्या अस्थिभंगाच्या कडा धारदार दिसतात, आणि साधारण दोन-तीन आठवड्यांत भरून येणाऱ्या हाडाची सावली दिसायला लागते. आत्ता काढलेला दुसरा एक्स-रे पहिल्याशी ताडून मोडण्याचा काळ मारहाणीच्या तारखेशी जुळतो का, हे सांगणं सोपं जातं. खासगी दवाखान्यातली मूळ फिल्म जपून ठेवा, तिच्यावर नाव आणि तारीख आहे का पाहा, आणि एक्स-रे काढणाऱ्याचं नाव विचारून ठेवा. 'फ्रॅक्चर' एवढा शब्द चिठ्ठीवर आहे आणि खटल्यात फिल्मही नाही, ती वाचणारा डॉक्टरही नाही, अशा प्रकरणांत ११७ चं ११५ व्हायला वेळ लागत नाही.

ढेकळाचं सांगून टाका. पुरवणी जबाबात, तुमच्या तोंडून. समोरच्याकडून ते येणारच आहे, कदाचित क्रॉस केसच्या रूपानं. लपवलेलं ढेकूळ उलटतपासात बाहेर आलं की दगड होतो. त्याचा कायद्यातला उपयोग दिराला असा: गंभीर आणि एकाएकी चिथावणीमुळे मारलं असं तो म्हणेल. ते मान्य झालं तर जबर दुखापतीची शिक्षा कलम १२२(२) खाली पाच वर्षांपर्यंत खाली येते, आणि नुसत्या दंडावरही भागू शकतं. न लागलेल्या एका ढेकळाला गंभीर चिथावणी म्हणावं का, यावर वाद होईल. मला तुमची बाजू जड वाटते.

गुन्हा दाखल झाला की दीर लगेच आत जाईल अशी अपेक्षा असेल तर ती सोडा. ११७(२) जामीनपात्र आहे, जामीन त्याचा हक्क आहे. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात पोलिसांनी अटक करण्याआधी ती का गरजेची आहे हे लिहून दाखवावं लागतं. नाहीतर ते हजर राहण्याची नोटीस देतात. दीर गावात फिरताना दिसला म्हणजे पैसे चारले, असं धरून चालू नका.

आता सासूबाईंचं. मिटवणं म्हणजे हार, असं भाऊबंदांना वाटतं, आणि गुन्हा नोंदवला की मिटवण्याची वाट बंद झाली, असं सासूबाईंना वाटत असावं. दोन्ही खरं नाही. साध्या दुखापतीत जखमी माणूस स्वतःच तडजोड करू शकतो. ११७(२) मध्येही करू शकतो, फक्त न्यायालयाची परवानगी लागते. ११८ मात्र तडजोडयोग्य नाही. तिथं दोघं राजी असले तरी उच्च न्यायालयात जाऊन गुन्हा रद्द करून घ्यावा लागतो आणि ते न्यायालयाच्या मर्जीवर असतं. खोटा कोयता घुसवून तुम्ही दिराला अडकवाल, तसंच स्वतःच्याही परतीच्या वाटेवर कुलूप लावाल. दोन घरांच्या विहिरी आणि देवकार्यं सामाईक असतील, तर हा विचार करण्यासारखा आहे. तुमच्या जागी मी गुन्हा नोंदवला असता, खरा तेवढाच, आणि तडजोडीचं बोलणं त्यानंतर केलं असतं. एनसीवर मिटवायला गेलात तर तुमच्या हातात कागद नसतो. शिवाय साध्या दुखापतीत एक वर्षानंतर न्यायालय दखल घेत नाही, म्हणजे 'बघू, बोलू' करत समोरच्यानं एक दिवाळी ओलांडली की संपलं.

बांधाचं भांडण या तडजोडीत मिसळू द्यायचं नाही. 'केस काढून घे, बांध सोडतो' हे शब्द गोड असतात, पण मोजणी होत नाही आणि केस मात्र जाते. बांधासाठी भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज वेगळा करा. उपचाराचा खर्च, बुडालेली मजुरी, पुढची फिजिओथेरपी यांचे आकडे लेखी मांडा आणि रक्कम हातात येईपर्यंत तडजोडीच्या अर्जावर सही नको.

आणि प्लास्टर निघेपर्यंत तर अजिबात नको. प्लास्टर काढल्यावर मूठ पुरती वळते का, मनगट फिरतं का, पहिल्यासारखं फावडं धरता येतं का, हे अस्थिरोगतज्ज्ञांकडून लिहून घ्या. शक्ती कायमची कमी झाली असेल तर तो कलम ११६ मधला आणखी एक प्रकार होतो. कायमचं अपंगत्वच आलं, तर नव्या कायद्याचं कलम ११७(३) आहे: किमान दहा वर्षं सक्तमजुरी. बारीक चिरेत असं सहसा होत नाही. पण ते डॉक्टरांनी प्लास्टर काढल्यावर सांगायचं आहे, आत्ता चावडीवर कुणी नाही.